मदत हवी आहे: सोन्याचा फॉरवर्ड स्पॉटच्या वर, मग खाणीचा विक्रीभाव खाली कसा?

निनाद_ऐरोली:
मॉडेल उद्या सकाळी द्यायचंय आणि एक आकडा काही केल्या जुळत नाही. सोन्याची खाण कंपनी आहे, तिमाहीत ५०,००० औंस विकलं, त्यातलं ३० टक्के फॉरवर्डने आधीच विकलेलं. फॉरवर्ड स्पॉटच्या वर असतो म्हणून ७० टक्क्यांना ४,००० आणि ३० टक्क्यांना ४,१२० लावला. सरासरी ४,०३६ येते. कंपनी छापते ३,६४०. हेज केल्यावर भाव वाढायला हवा ना? कुठे घोळ आहे तेवढंच सांगा, हेजिंग म्हणजे काय ते नको.

सराफ_नौपाडा:
सोपं आहे. एमसीएक्सवर गोल्ड मिनी शॉर्ट करून ठेवायचं. आम्ही दुकानातल्या मालावर हेच करतो. भाव पडला तर तिकडे कमाई, चढला तर माल महाग विकला जातो. रोजचं मार्जिन तेवढं बाजूला ठेवावं लागतं.

वृंदा_वाशी:
काका, त्यांना हेज करायचं नाहीये, दुसऱ्याने केलेलं मोजायचंय. निनाद, ४,००० कुठल्या चलनात? आणि फॉरवर्ड कधी केलेत?

निनाद_ऐरोली:
ऑस्ट्रेलियन डॉलर, कंपनी तिकडचीच आहे. कधी केले याने काय फरक पडतो? डिलिव्हरी या तिमाहीतली आहे.

वृंदा_वाशी:
सगळा फरक त्यानेच पडतो. फॉरवर्डचा भाव करार केला त्या दिवशी ठरतो आणि डिलिव्हरीपर्यंत हलत नाही. तुम्ही आजच्या स्पॉटवर प्रीमियम चढवलाय. अहवालात हेजिंगची टीप असते, तिथे औंस आणि ठरलेला भाव तिमाहीवार दिलेला असतो. तो भाव बघा.

घोडबंदर_७:
फॉरवर्ड म्हणजे बँकांचा पुढच्या भावाचा अंदाज. अंदाज चुकला की खाणवाला बुडतो. १९९९ मध्ये घानाची अशांती गोल्डफिल्ड्स ही खाण कंपनी याच फॉरवर्डने बुडायच्या बेतात आली. म्हणून आता मोठे कोणी हेज करत नाहीत. विषय संपला.

वृंदा_वाशी:
निम्मं बरोबर. अंदाज वगैरे नसतो त्यात. खाण बँकेला सांगते, वर्षाने अमुक औंस देते, भाव आज ठरवा. बँक तेवढं सोनं मध्यवर्ती बँकेकडून भाड्याने घेते, आजच बाजारात विकते आणि आलेले पैसे व्याजाने लावते. वर्षाने खाणीतून सोनं आलं की उसनं फेडते. व्याजातून सोन्याचं भाडं वजा केलं की उरतो तो खाणीला मिळणारा प्रीमियम. स्पॉट २,००० डॉलर, व्याज ५ टक्के, भाडं अर्धा टक्का, तर वर्षाचा फॉरवर्ड २,०९०. भाव चढेल की पडेल याबद्दल त्यात कोणाचंच मत नाही.

आणि अशांती साध्या फॉरवर्डने अडचणीत आली नाही. हेज सुमारे १ कोटी औंसांचं होतं, राखीव साठ्याच्या जवळपास निम्मं. त्यात विकलेले कॉल होते, म्हणजे ठरल्या भावाने सोनं घ्यायचा हक्क समोरच्याला विकलेला, आणि उसन्या सोन्याचं भाडं बाजारासोबत बदलतं ठेवलेलं. २६ सप्टेंबर १९९९ ला युरोपातल्या १५ मध्यवर्ती बँकांनी जाहीर केलं की पाच वर्षं सोन्याची विक्री वर्षाला ४०० टनांच्या आत ठेवू आणि भाड्याने देणंही वाढवणार नाही. औंसाला २७० डॉलरच्या आसपासचं सोनं दहाएक दिवसांत ३२० च्या वर गेलं आणि भाडंही भडकलं. बँकांनी २५ कोटी डॉलरहून जास्त मार्जिन मागितलं. सोनं जमिनीखाली, मार्जिन मात्र रोखीत आणि ताबडतोब. अडचण तिथे झाली.

घोडबंदर_७:
म्हणजे हेजनेच अडचणीत आली ना. शब्द फिरवले एवढंच.

वृंदा_वाशी:
नाही. मार्जिन नसलेला साधा फॉरवर्ड असेल आणि ठरलेले औंस खाणीतून निघत असतील, तर भाव कितीही चढो, कंपनी बुडत नाही. तिचा नफा हुकतो, बस. औंस निघाले नाहीत तर मात्र खरा खड्डा पडतो. वरच्याच उदाहरणात ४०,००० औंस २,०९० ला विकलेत. वर्षाने स्पॉट २,६०० आणि खाणीची भिंत ढासळली म्हणून निघाले फक्त ३०,०००. राहिलेले १०,००० बाजारातून २,६०० ला घेऊन बँकेला २,०९० ला द्यायचे. ५१ लाख डॉलर खिशातून, तेही खाण बंद असताना. ऑस्ट्रेलियातली सन्स ऑफ ग्वालिया २००४ मध्ये कोसळली ती याच वाटेने. हेजमध्ये कबूल केलेलं सोनं काढायला साठा पुरेना.

निनाद_ऐरोली:
टीप सापडली. या तिमाहीत १५,००० औंस, भाव २,८००. हे करार तीन वर्षांपूर्वीचे दिसतायत.

वृंदा_वाशी:
मग हिशेब झाला. ३५,००० गुणिले ४,००० म्हणजे १४ कोटी. १५,००० गुणिले २,८०० म्हणजे ४ कोटी २० लाख. बेरजेला ५०,००० ने भागा.

निनाद_ऐरोली:
३,६४०. जुळलं. आता साहेब विचारणार की एवढा भाव सोडायचा होता तर हेज केलंच कशाला, आणि शेजारची मोठी कंपनी का करत नाही.

वृंदा_वाशी:
ही कंपनी एकाच खाणीवर चालते का? कर्ज किती आहे?

निनाद_ऐरोली:
एकच खाण. कर्ज प्लांटसाठी घेतलेलं.

वृंदा_वाशी:
मग बहुतेक कर्ज देणाऱ्या बँकेनेच अट घातली असेल, की हप्ते फिटेपर्यंत उत्पादनाचा काही भाग ठरल्या भावाने विकून ठेवा. करारात बघा. मोठ्या कंपनीला ती सक्ती नसते. शिवाय तिचा भागधारक सोन्याचा भाव चढेल म्हणूनच शेअर घेतो. २००४ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेत सोन्याचा ईटीएफ आहे, खाणीने चढ विकून टाकला तर तो सरळ तिकडे जाईल. बॅरिकने २००९ मध्ये ९५ लाख औंसांची हेज मिटवायला नवे शेअर काढून पैसे उभे केले आणि त्या तिमाहीत ५६० कोटी डॉलरचा बोजा नफ्यातोट्यात घेतला. त्याच वेळी डॉलरचं व्याज शून्याजवळ आलेलं, त्यामुळे प्रीमियमही नावापुरताच उरला होता. नव्वदीच्या दशकात वर्षाला तीन-चार टक्के जादा मिळायचे आणि सोनं वर्षानुवर्षं उतरत होतं, तेव्हा हेज करणाऱ्याला शहाणा म्हणत.

घोडबंदर_७:
पण २०२३ मध्ये व्याज ५ टक्क्यांवर होतं, म्हणजे प्रीमियम परत आला होता. तरी मोठे परतले नाहीत. तुमचं व्याजाचं कारण तिथे लंगडं पडतं. खरी गोष्ट एवढीच की सगळ्यांनी हात पोळून घेतलेत.

वृंदा_वाशी:
व्याज हे एकमेव कारण आहे असं मी म्हटलंच नाही. भाव चढता असताना साडेचार टक्क्यांसाठी वरचा सगळा चढ कोण देऊन टाकेल? करायचंच असेल तर पुट घ्यावा, म्हणजे ठरल्या भावाला विकायचा हक्क, तळ पक्का राहतो आणि चढही हातात राहतो.

घोडबंदर_७:
आणि पुटचा खर्च? औंसामागे शेकड्यात जातो, तेही रोख. म्हणून लोक पुट घेऊन त्याचे पैसे भरून काढायला कॉल विकतात, आणि पुन्हा अशांती.

वृंदा_वाशी:
स्वतःच्या उत्पादनाच्या पाव हिश्श्यावर कॉल विकणं आणि अनेक वर्षांच्या साठ्यावर विकणं यात फरक आहे. बाकी खर्चाचा मुद्दा मान्य.

सराफ_नौपाडा:
मग सामान्य माणसाने आता काय घ्यावं? गोल्ड बाँडचे नवे इश्यू फेब्रुवारी २०२४ नंतर आलेच नाहीत.

वृंदा_वाशी:
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा. निनाद, त्याच टीपेत विकलेल्या कॉलची ओळ आहे का? असेल तर पुढच्या तिमाहींचा भाव वेगळा मांडावा लागेल.

निनाद_ऐरोली:
आहे. १०,००० औंस, ३,२०० ला. हे १५,००० मध्येच धरलेत की वेगळे?

वृंदा_वाशी:
वेगळेच. या तिमाहीत संपले असते तर स्पॉट ४,००० असताना समोरच्याने हक्क बजावलाच असता आणि ३,६४० जुळला नसता. मुदत कोणत्या तिमाहीची लिहिलीय?