रि: नाशिक गेट-टुगेदर, मटार किती? (आज ठरवा प्लीज)

मिलिंद:
मंडळी, उद्या पहाटे पंचवटीच्या मार्केट यार्डात जातोय. शीटमध्ये मटार ९.६ किलो दिसतोय. ८० माणसं, माणशी ७५ ग्रॅम दाणे म्हणजे ६ किलो, आणि टरफलात ६० टक्के जातं म्हणून ६० टक्के जास्त धरलंय. फायनल ना?

सुलभाताई:
अरे थांब. ६० टक्के बरोबर आहे पण ते शेंगांचे, दाण्यांचे नव्हे! ९.६ किलो शेंगा सोलल्यास तर हातात जेमतेम ३.८ किलो दाणे येतील आणि मागच्या पंगतीला नुसता उसळीचा रस्सा. किलोला ४०० ग्रॅम दाणे निघतात ना, मग ६ ला ०.४ ने भाग, १५ किलो. बटाट्याला ही चूक कळत नाही कारण सालं फार तर २० टक्के, १० किलो सोललेले हवे तर तुझ्या हिशेबाने १२ आणि खरे साडेबारा, कोणाच्या लक्षातही येत नाही.

अविनाश:
शीट माझी आहे. तीन वर्षं ह्याच फॉर्म्युलावर नाशिकबाहेरचे आपले कार्यक्रम झाले, उलट मटार उरलाच. कृपया परस्पर आकडे बदलू नयेत.

सुलभाताई:
उरणारच रे अविनाश, तिकडे आपण फ्रोजन आणतो, पाकिटात टरफल कुठे असतं? त्यावर ६० टक्के जास्त म्हणजे नुसता साठा.

वर्षा:
अगदी खरं, मेथीचंही तेच! परवा गंगापूर रोडवरून जुड्या आणल्या, वजन केलं तर एक किलो, निवडून पाने ४५० ग्रॅम. सासूबाई म्हणाल्या कोवळे दांडे का टाकलेस.

अण्णा:
दांडे टाकणं पाप आहे. मटाराच्या टरफलांचीही आतला पापुद्रा काढून छान भाजी होते, आमची आई करायची.

सुलभाताई:
अण्णा, १५ किलोचे पापुद्रे तुम्ही काढणार असाल तर माझी हरकत नाही. मिलिंद, ४०० ग्रॅम भरलेल्या शेंगांचं आहे बरं का. चपट्या कोवळ्या असतील तर कमी निघतात. आधी एकच किलो घे, तिथेच बसून सोल, दाण्यांचं वजन कर. ३०० ग्रॅम आले तर २० किलो लागतील, आणि मग स्वस्त वाटलेला माल स्वस्त राहत नाही.

मिलिंद:
पहाटे पाचला यार्डात बसून मटार सोलू? आणि वजनकाटा कोणाचा?

अविनाश:
शीटमध्ये १५ टाकतोय, पण "सुलभाताईंच्या सूचनेनुसार" असं लिहून.

वर्षा:
फ्लॉवरचं काय? पाल्यासकट घेतला तर निम्मा तरी जातो ना? आणि सोलायला कोण कोण येतंय?