तोंडी परीक्षेतलं प्रकट वाचन: शेवटचा 'नाही' कुठं जातो?

चौथीतलीची आई
काल संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि लेक ओट्याशेजारी उभी राहून वाचत होती. गुरुवारी तिची तोंडी आहे, प्रकट वाचनाची. उतारा साधाच. 'आजोबा बाजारात गेले. त्यांनी गूळ, शेंगदाणे आणि लिंबं घेतली; पण छत्री घेतली नाही. पाऊस आला, तरी ते थांबले नाहीत.'

मला ऐकू आलं ते असं: छत्री घेतली. पाऊस आला तरी ते थांबले.

मी म्हटलं, "अगं, छत्री होती तर थांबले कशाला?" तर ती चिडली. "आई, 'नाही' वाचलं की मी!" वाचलंच होतं तिनं. ओठ हलले होते, पण आवाज माझ्यापर्यंत पोचला नव्हता.

आणि मला माझी पाचवीची तोंडी आठवली. दुसऱ्या वर्गाचे गुरुजी परीक्षक होते. पुस्तक माझ्या हातात, त्यांच्या हातात काही नाही, तोंड खिडकीकडे. मी वर्गात सगळ्यात भरभर वाचणारी. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मुलगा शेवटी घरी गेला, का गेला नाही?" मी म्हटलं, "गेला नाही." ते म्हणाले, "मला गेला असं ऐकू आलं." १० पैकी ६ दिले. वेगाला इतके कमी गुण कसे, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. काल कळलं.

तुमच्या तोंडीचं काय आठवतंय? आणि गुरुवारपर्यंत काय करू तेही सांगा.

रंकाळ्यावरचा
आम्हाला सांगितलेलं सोपं होतं. स्वल्पविरामाला मनात १ म्हणायचं, अर्धविरामाला २, पूर्णविरामाला ४. तसंच करायला लावा, वाचन आपोआप सुधारतंय.

गारगोटीकर
मी पण हेच करायचो भावा, आणि मोजण्याच्या नादात पुढचा शब्दच विसरायचा 😄 बाई म्हणायच्या, बस थांबल्यासारखा थांबतोस.

निवृत्त बाई, कागल
आकडे मोजणं अर्धं बरोबर आहे. स्वल्पविरामापेक्षा पूर्णविरामाला जास्त थांबायचं, हे त्यातून मुलांना कळतं. पण ताई, तुमच्या लेकीची अडचण थांबण्याची नाहीच. ती पूर्णविरामाला थांबली असणार. थांबायच्या आधीच तिचा आवाज संपला.

आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'नाही' तर त्याच्याही मागं. मूल वाक्याच्या सुरुवातीला श्वास घेतं आणि गूळ, शेंगदाणे, लिंबं म्हणेपर्यंत तो खर्च करतं. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा शब्द सगळ्यात कमी हवेवर बोलला जातो. शिवाय वाक्य संपताना आवाज खाली आणायचा, असं आम्हीच शिकवतो. खाली आणायचा म्हणजे सूर उतरवायचा. मुलं सूर उतरवण्याऐवजी आवाजच बारीक करतात. परीक्षक म्हणून मी पहिल्यांदा हेच ऐकायची.

आता तुमचाच उतारा घेऊ. 'लिंबं घेतली;' इथं अर्धविराम आहे. सूर वरच ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की अजून काहीतरी यायचंय. इथंच छोटा श्वास घ्यायला सांगा. मग 'पण छत्री घेतली नाही' हे एका दमात निघतं आणि 'नाही'ला हवा उरते. 'शेंगदाणे'च्या आधीच्या स्वल्पविरामाला श्वास नको, नुसतं किंचित तुटायचं. 'नाही' म्हणताना सूर खाली, पण जोर 'छत्री'इतकाच. त्यानंतर तोंड मिटून नाकानं पूर्ण श्वास, मग 'पाऊस'. श्वास नीट घेतला की थांबणं तेवढंच होतं, मोजावं लागत नाही.

तपासायला एक करा. तुम्ही दुसऱ्या खोलीत जा, पुस्तक न बघता ऐका आणि फक्त वाक्यांचे शेवटचे शब्द लिहून काढा. गेले, नाही, नाहीत. जो सुटला, ते वाक्य परत.

चौथीतलीची आई
बाई, आत्ताच करून बघितलं. तीनपैकी 'गेले' आणि 'नाही' मिळाले. 'थांबले' मिळालं, 'नाहीत' मधला 'त' परत गेला.

निवृत्त बाई, कागल
छान चाललंय की. तो 'त' म्हणजे एक आजोबा की आदरार्थी, एवढाच फरक. 'नाही' ऐकू येतंय ना, मग आज तेवढं पुरे.

शाहूपुरी गल्ली
आमचा मुलगा २०१९ च्या दहावीच्या बॅचचा. त्या वर्षी भाषेच्या तोंडीचे २० गुण काढून टाकले होते, सगळा पेपर लेखी. पुढच्या वर्षी परत आणले. त्याच्या बॅचचं नुकसान झालं असं मला अजून वाटतं.

गारगोटीकर
काका, ते दहावीचं वेगळं, हे चौथीचं.

शाहूपुरी गल्ली
हो रे, पण तोंडी म्हटलं की मला तेच आठवतं.

मोडीवाला
आमच्या वाड्यात पणजोबांचे मोडी कागद आहेत. त्यात एकही चिन्ह नाही, शब्दही जोडून लिहिलेले. वाचताना वाक्य कुठं संपलं हे क्रियापदावरूनच ओळखायचं. विरामचिन्हं मराठीत आणली मेजर कँडीनं, त्याआधी काहीच नव्हतं.

निवृत्त बाई, कागल
कँडीचं बरोबर. पण काहीच नव्हतं कसं? पोथीत दंड असतो की, ओवी संपली की. पूर्णविरामाच्या ठिकाणी दंड देत होतेच. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मात्र इंग्रजीवरून आली. तुमचं क्रियापदावरून ओळखणं फार कामाचं आहे हो. वाचायच्या आधी मुलांना प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाखाली पेन्सिलीनं रेघ मारायला लावायची. नजर तिथं आधी जाऊन येते, मग आवाज तिथपर्यंत पुरवायचा हे कळतं.

दोन पोरांची आज्जी
आमच्या नातवाचं वेगळंच. ओळ संपली की थांबतो, मग वाक्य अर्धं असलं तरी. 'आजोबा बाजारात' म्हणून थांबला, आणि 'गेले त्यांनी' एकत्र. मी म्हटलं बाळा, ओळ छापखान्यानं तोडलीय, तू नको तोडू. डबा भरून येते मग सांगते.

रंकाळ्यावरचा
आमच्याकडं स्वल्पविरामावरून एक गंमत व्हायची. 'बाबा, आले का?' आणि 'बाबा आले का?' एकात बाबांना विचारायचं पाव्हणं आलं का, दुसऱ्यात बाबाच आले का. मी सगळं एकसारखं वाचायचो.

दुधाळी
माझं जरा वेगळं आहे. मी अडखळत बोलायचो, अजून कधीतरी बोलतो. जोडाक्षरावर अडकलो की श्वास तिथंच जायचा आणि वाक्याचा शेवट रोज गिळला जायचा. एका बाईंनी सांगितलं, अडकलास तर त्याच शब्दाला धडका मारू नको, मागच्या स्वल्पविरामापासून परत घे. त्यामुळं अडखळणं थांबलं नाही, पण शेवट ऐकू यायला लागला. परीक्षकानं मागं जाण्याचे गुण कापले. ते कापावेत का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

निवृत्त बाई, कागल
मी कापायची नाही. पण कापणारेही आमच्यात होते, त्यांचं म्हणणं ओघ तुटतो. आम्ही भांडायचो यावरून. ताई, एवढं बघा, लेक जोडाक्षरावर अडते का? अडत असेल तर आधी तो शब्द सुटा पाच-सहा वेळा म्हणून घ्या, मग श्वासाकडं वळा. अक्षर जुळवण्यातच दम गेला, तर चिन्हांचा काही उपयोग होत नाही.

चौथीतलीची आई
'शेंगदाणे'ला अडखळत नाही, 'त्यांनी'ला किंचित थबकते. बघते. आज्जी, डबा भरून झाला का? त्या ओळीचं सांगा की, आमचीही तेच करते.

दोन पोरांची आज्जी
झाला डबा. मी ओळीच्या टोकाला पेन्सिलीनं बाण काढते, खालच्या ओळीकडं वळणारा. परवापासून थांबायचा बंद झालाय. परीक्षेत बाण चालतोय का ते मला ठाऊक न्हाई, बाईंनाच विचारा.