४८ तासांच्या गेम जॅममध्ये कात्री कधी चालवायची?

खडकवाट
दोघं जण आहोत, गोडो ४ वापरतोय. कल्पना दीपगृहाच्या रखवालदाराची. रात्री दिवा फिरवून जहाजं खडकांतून बंदरात आणायची, दिवसा तेलाचा व्यापार आणि डागडुजी. शिवाय तीन बेटं, वादळं, गावकऱ्यांशी संवाद. एवढं होणार नाही हे दिसतंय. ठेवायचं काय, आणि कापायचं पहिल्या संध्याकाळी की निम्मा वेळ गेल्यावर?

निरंजन
पहिल्या संध्याकाळीच. झोपेचे १४ तास, खाणंपिणं वगैरे ४, वेब एक्स्पोर्ट आणि अपलोडसाठी शेवटचे ४ राखून ठेवा. माणशी २६ उरतात. आता एकट्या व्यापाराचं बघा: दुकानाचा स्क्रीन, किमती, शिल्लक दाखवणं, पैसे कमी पडले तर संदेश, आणि या सगळ्या आकड्यांचा तोल. यातला एक तुकडा राहिला तरी बाकीचे वाया जातात.

ठेवायचं ते एवढंच: एक स्क्रीन, एक दिवा, एका प्रकारचं जहाज, पाच-सहा खडक, एक बंदर. जहाज सरळ जातं, उजेड पडला की बंदराकडे वळतं. तीन जहाजं फुटली की खेळ संपला.

पाटीपेन्सिल
मला हे पटत नाही. कागदावर कापताना आपण जे अजून खेळलोच नाही ते कापतो. दिवस-रात्रीचा फेरा हाच कदाचित या खेळाचा जीव असेल. पहिले सहा तास रात्र आणि दिवस दोन्ही नुसत्या चौकोनांनी उभे करा, कुठे हात रमतो ते बघा, मग कापा. उगाच रात्रच ठेवली आणि ती कंटाळवाणी निघाली तर?

निरंजन
चौकोनांनी आधी खेळून बघा, हे अगदी मान्य. पण फक्त रात्र. दिवसाची गंमत रात्री काय कमावलं-गमावलं त्यावर टिकते, त्यामुळे सहा तासांच्या कच्च्या खेळात दिवस नेहमी फिकाच वाटणार. त्यातून काही कळत नाही.

रात्र कंटाळवाणी निघेल ही भीती मात्र खरी आहे. उजेड माउसच्या मागे लगेच धावला तर खेळाडू एकेका जहाजावर टिचकी मारल्यासारखा उजेड टाकत जाईल, चुकायला जागाच नाही. दिव्याला वेग बांधून द्या, सेकंदाला ४५ अंश. अर्धा फेरा घ्यायला चार सेकंद लागतात. मग समोरासमोरच्या दिशांनी दोन जहाजं सोडा, दोघांनाही खडक तीन सेकंदांवर. एक सोडावंच लागतं. खेळ इथे सुरू होतो, आणि त्याला बेट एकच पुरतं. चौथ्या तासापर्यंत ही घालमेल जाणवली नाही तर कल्पना बदला, वैशिष्ट्यं वाढवू नका.

एकओळ
सोपी कसोटी आहे. खेळ ‘आणि’ न वापरता एका वाक्यात सांगता आला तर तो ४८ तासांत होतो.

निरंजन
अर्धीच कसोटी. ‘दोघांनी दोन घरांतून ऑनलाइन जहाजं वाचवायची’ यातही ‘आणि’ नाही, पण नेटवर्कवर दोन्ही दिवस जातील. वाक्याबरोबर त्यात न दिसणारं कामही मोजा.

रंगपेटी
आमची टीम चौघांची, त्यातले दोघं चित्रकार. एकच स्क्रीन ठेवला तर त्यांनी दोन दिवस करायचं काय? तीन बेटं त्यांच्यासाठी तरी ठेवावीत.

पाटीपेन्सिल
इथे प्रश्न दोघांच्या टीमचा आहे. तरीही, बेटं नकोत. प्रत्येक नव्या बेटाबरोबर खडकांची मांडणी आणि अवघडपणाचं गणित कोडवाल्यांच्या गळ्यात पडतं. त्याच स्क्रीनवर लाटा, धुकं, जहाज फुटतानाच्या चौकटी करू द्या. त्या आल्या नाहीत तरी खेळ अडत नाही.

खडकवाट
पटलं, व्यापार गेला. पण तेल ठेवू का? दिवा चालू असताना कमी होणारी एक पट्टी, जहाज बंदरात आलं की थोडी भरते. दुकान नाहीच.

निरंजन
ठेवा. आख्खा व्यापार एका आकड्यात आला, आणि दिवा कधी विझवायचा हा नवा निर्णय मिळाला. मात्र पट्टीच्या आधी ‘पुन्हा खेळा’ करा. एका ओळीचं काम वाटतं:

```
get_tree().reload_current_scene()
```

पण गुण ऑटोलोडमध्ये असतील तर ते या ओळीने शून्य होत नाहीत, आणि खेळ संपल्यावर `paused` केलं असेल तर नवा डावही गोठलेलाच उघडतो. दोन्ही हाताने पूर्ववत करावं लागतं. पहिल्या डावात हे दिसत नाही, म्हणून लागोपाठ तीनदा हरून बघा.

पाटीपेन्सिल
तेलाबाबत मी विरोधात. फुटलेली जहाजं आणि संपणारं तेल अशा हरण्याच्या दोन वाटा झाल्या, आणि जॅममध्ये अनोळखी माणूस दोन-तीन मिनिटांत खेळ सोडतो. आपण का हरलो हे त्याला कळलं पाहिजे. तेल संपल्यावर खेळ संपवू नका, दिवा फक्त मंद करा. जहाजं आपोआप फुटतील.

खडकवाट
मंद म्हणजे उजेडाचा झोत अरुंद करायचा की त्याची लांबी कमी करायची? दोन्ही चौकोनांवर लावून बघतो.