मेलच्या विषयात 'निवड', 'संधी' की 'विचारणा'?

बाणेरकर: पेमेंट्समधल्या एका कंपनीसाठी ५-६ वर्षं अनुभवाचे जावा डेव्हलपर शोधतेय. ज्यांनी अर्जच केलेला नाही, त्यांना मेल करायचाय. विषय काय लिहू? 'आपल्या प्रोफाइलची निवड', 'उत्तम संधी' की 'विचारणा'? मेल उघडला जायला हवा.

जुना रिक्रूटर: 'निवड' नकोच. निवड म्हणजे मुलाखत होऊन निर्णय लागला. नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणारे हेच लिहितात. माणूस उघडतो, आत नुसती चौकशी दिसली की 'स्पॅम' दाबतो. तक्रारी साठल्या की तुमच्या डोमेनचे पुढचे मेलही स्पॅममध्ये जातात, अगदी मुलाखतीची वेळ कळवणारेसुद्धा. 'संधी' खोटी नाही, पण तिच्यातून काहीच कळत नाही. मी लिहीन: 'जावा बॅकएंड, पुणे, पेमेंट्स: विचारणा'. मोबाइलवर पहिली ३०-४० अक्षरंच दिसतात, म्हणून कामाचे शब्द आधी.

मेलवाला: एवढं रूक्ष? आम्ही नाव टाकतो आणि आधी बोलणं झाल्यासारखं 'Re:' लावतो. मेल उघडण्याचं प्रमाण दुप्पट झालं.

जुना रिक्रूटर: नावाने लक्ष जातं, खरंय. पण याद्यांमध्ये आडनाव आधी असतं, मग 'कुलकर्णी, तुमच्यासाठी' असा मेल जातो. पाठवण्याआधी तो रकाना डोळ्यांनी तपासा. 'Re:' मात्र सरळ फसवणूक आहे, आपलं आधी काही बोलणंच झालेलं नाही. आणि ते दुप्पट प्रमाण कशावरून? मेल उघडला की नाही, हे आतलं चित्र उतरवलं गेलं का यावरून मोजतात. २०२१पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असली, की मेलमधली चित्रं आपोआप उतरवली जातात. माणसाने न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. उत्तरं मोजा.

मेलवाला: उत्तरं वेगळी मोजली नव्हती. बघतो.

नवा पदवीधर: मी नोकरीसाठी मेल करतोय. मीही 'विचारणा' लिहू का?

बाणेरकर: तुमचा प्रश्न उलट बाजूचा आहे. जाहिरात आली असेल तर 'अर्ज', पदाचं नाव, क्रमांक आणि तुमचं नाव. जाहिरात नसेल तर 'विचारणा' चालेल.

हिंजवडीची डेव्हलपर: मला असे मेल रोज येतात. विषयात पगार दिसला तरच मी उघडते. '२२-२८ लाख' लिहा, दोघांचाही वेळ वाचेल.

जुना रिक्रूटर: मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना ती सूचना वर आली तर? साहेबांना वाटेल तुम्ही सोडून चाललात. पगार पहिल्या ओळीत लिहावा, आणि मेल ऑफिसच्या पत्त्यावर कधीच पाठवू नये.

हिंजवडीची डेव्हलपर: पहिली ओळही सूचनेत दिसतेच की! आणि 'जावा, पुणे: विचारणा' वाचूनही साहेबांना तेच कळेल. मेल माझ्या खासगी पत्त्यावर आला तर पगार विषयातच हवा.

बाणेरकर: खासगी पत्ते आहेत. अर्ध्या जणांना पगारासकट पाठवते, अर्ध्यांना पगाराशिवाय. बाकी विषय तोच ठेवते आणि उत्तरं मोजते. 'विचारणा' दोन्हीकडे.