प्रति: ऑक्टलमध्ये ५५० की १३२?

«द्विमान १०११०१० चे ऑक्टल मला ५५० येते, उत्तरसूचीत १३२ आहे.»

उत्तरसूची बरोबर आहे. आपण डावीकडून तीन-तीनचे गट पाडले, त्यामुळे १०१, १०१ असे होऊन शेवटी एकटे ० उरले आणि त्याला पूर्ण गटाचे स्थान मिळाले. पूर्णांकाचे गट नेहमी उजवीकडून पाडावेत, म्हणजे १, ०११, ०१० असे, आणि कमी पडणारी शून्ये डावीकडे जोडावीत, कारण तेथे त्यांनी किंमत बदलत नाही. उत्तरातील आकडे मोजण्याची तपासणी येथे निरुपयोगी आहे, कारण दोन्ही उत्तरे तीन आकडीच आहेत. त्यापेक्षा दोन्हींचे दशमान रूप काढावे: १३२ चे ९०, तर ५५० चे ३६०. बरोबर चौपट फरक म्हणजे उजवीकडे दोन शून्ये घुसली आहेत. दुप्पट असता तर एकच.