शब्दचर्चा: पेशी ‘पास करणे’ याला मराठीत काय म्हणावं?

रेवती: आमच्याकडे नव्याने येणाऱ्या लॅब असिस्टंटसाठी मराठीत छोटी पुस्तिका लिहिते आहे. विषय बाटलीच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी, उदाहरणादाखल कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या हेला पेशी. तळ साधारण 80 टक्के भरला की त्या सोडवून थोड्याथोड्या नव्या बाटल्यांत घालायच्या. याला इंग्रजीत ‘पॅसेज’ म्हणतात आणि आम्ही दिवसभर ‘पास करणे’ म्हणतो, पण कागदावर ‘पेशी पास केल्या’ लिहिलं की दहावीचा निकाल वाटतो. ‘विभाजन’ लिहावं, तर पेशी स्वतःहून दुभंगतात त्यालाच तो शब्द आहे. काय लिहू?

दत्ताकाका: पॅसेज म्हणजे उतारा. ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.’ तीस वर्षं हेच शिकवलं.

रेवती: काका, तो पॅसेज वेगळा! पण गंमत म्हणजे आम्ही पेशी तळावरून खरंच उतरवतो.

निखिल: ‘पिढी’ म्हणा की सरळ. बाटलीवर पी-12 लिहिलंय म्हणजे बारावी पिढी.

मंजिरी: निखिल, इथेच नवी मुलं चुकतात. एका बाटलीच्या पेशी चार बाटल्यांत वाटल्या आणि चारही पुन्हा तेवढ्याच भरल्या, तर मधे पेशींची संख्या दोनदा दुप्पट झाली. आठ बाटल्यांत वाटल्या असत्या तर तीनदा. दोन्ही वेळा बाटलीवरचा आकडा मात्र एकनेच वाढतो. तो आकडा आपण किती वेळा हलवलं ते सांगतो, पेशी किती वेळा दुभंगल्या ते नाही. हेला पेशी थांबतच नाहीत म्हणून तिथे खपून जातं. माणसाच्या त्वचेतून घेतलेल्या साध्या पेशींना मर्यादा असते, तिथे हा घोळ महागात पडतो.

शब्द मुळात पेशींचा नाहीच. पाश्चरच्या काळात रेबीजचा संसर्ग एका सशातून दुसऱ्या सशात, तिथून तिसऱ्यात नेत, त्या प्रत्येक नेण्याला पॅसेज म्हणत. म्हणजे अर्थ ‘पुढे नेणं’ असा आहे. मला भाताची लावणी आठवते. तरव्यात दाटी झाली की रोपं उपटायची आणि मोकळ्या चिखलात लावायची. उशीर केला तर रोपं लांबडी होतात, ओढून उपटली तर मुळं तुटतात. दोन्ही गोष्टी आमच्या बाटलीतही तशाच घडतात.

निखिल: ‘लावणी क्रमांक 12’? पुढे ढोलकी लागेल ना.

मंजिरी: मग ‘फेरलावण’ म्हणा. ढोलकी वाजणार नाही.

प्रकाश (जळगाव): आमच्याकडे केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये ‘सब-कल्चर’च म्हणतात. चिमटा, ब्लेड, ज्योत, संपलं. खराब झालं तर रोपाच्या बुडाशी दुधासारखा चिकट थर दिसतो. अँटिबायोटिक वाढवलं की बहुतेकदा आटोक्यात येतं.

रेवती: प्रकाशदादा, तुमचं रोप चिमट्यात धरता येतं. आमच्या पेशी तळाला घट्ट धरून असतात. लहान बाटलीत आधी जुनं माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, ओढून टाकतो, मग कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या बफरने दोनदा धुतो आणि पेशींची पकड तोडणारं 1 मिली ट्रिप्सिन घालून 37 अंशांना दोन-तीन मिनिटं ठेवतो. आता मला अडलेलं दुसरं क्रियापद: ‘ट्रिप्सिनाइज केल्या’ कसं लिहू?

मंजिरी: ‘सोडवल्या’. सोबत धुण्याचं कारणही लिहा, कारण ती पायरी हमखास गाळली जाते. माध्यमातलं सीरम ट्रिप्सिनला अडवतं. थोडं जरी मागे राहिलं तर पेशी सुटत नाहीत, मुलगा आणखी पाच मिनिटं थांबतो, शेवटी बाटली आपटतो आणि गुठळ्या हाती येतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल होऊन सरकू लागल्या की लगेच सीरमवालं माध्यम घालून ट्रिप्सिनला थांबवायचं. तेच सीरम आधी अडसर असतं आणि नंतर तारणहार. घड्याळ पाहून नव्हे, पेशी पाहून थांबायचं.

आणि प्रकाश, अँटिबायोटिकचं आमच्याकडे उलट आहे. ते कायम घातलेलं असलं की ढिला हात उघडा पडत नाही आणि थोडे जंतू दबून राहतात.

रेवती: ‘असेप्टिक’ला मी ‘निर्जंतुक पद्धत’ लिहिलंय.

मंजिरी: पिपेट निर्जंतुक असते, पद्धत नाही. हात, बाही, हवा, यांतलं काहीच निर्जंतुक नसतं. त्यांच्यामधून निर्जंतुक वस्तू विटाळू न देता नेणं, ही ती पद्धत. आमचे जुने सर म्हणायचे, ‘हूडमध्ये सोवळ्यात बसायचं.’ उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, झाकण उताणं ठेवून त्यावर वाकायचं नाही, पिपेट कशाला टेकली की टाकून द्यायची. आजीच्या स्वयंपाकघराचेच नियम.

सुजाता: तो शब्द पुस्तिकेत नको. सोवळ्यात कोणाला शिवायचं नाही हेही ठरलेलं होतं, आणि आमच्या घरात ते ऐकलेले लोक आहेत. शिवाय अर्थही जुळत नाही. तिथे माणूस विटाळतो, इथे बाटली.

मंजिरी: अर्थाचा मुद्दा मान्य नाही, पहिला मान्य. ‘जंतुरोधक हाताळणी’ म्हणा.

दत्ताकाका: ‘कंटॅमिनेशन’ म्हणजे प्रदूषण ना?

रेवती: प्रदूषण नदीचं, काका. आम्ही बोलताना ‘कल्चर गेलं’ म्हणतो. लिहिताना ‘बाधा’ लिहू का? मागच्या महिन्यातलंच सांगते. एका मुलाने शुक्रवारी फेरलावण केली. सोमवारी तीन बाटल्यांचं माध्यम पिवळं. त्याने ‘बाधा’ लिहून तिन्ही टाकायला काढल्या. मी उजेडात धरल्या तर दोन पिवळ्या पण नितळ होत्या आणि पेशी गच्च भरलेल्या. त्यांनी आम्ल सोडून माध्यमातला लाल रंग पिवळा केला होता, एवढंच. तिसरी गढूळ होती. मोठ्या भिंगाखाली पेशींच्या मधल्या जागेत बारीक काड्या सळसळत होत्या.

मंजिरी: छान उदाहरण. म्हणून नुसतं ‘पिवळं पडलं’ लिहू नका, ‘पिवळं आणि गढूळ’ लिहा. यीस्टमध्ये तर सुरुवातीला रंग बदलतही नाही, फक्त चकचकीत गोल दाणे दिसतात, एकाला एक कोंब फुटलेले. मेलेल्या पेशींचा कचराही जागच्या जागी थरथरतो, पण तो कुठे जात नाही.

तिसऱ्या बाटलीचं मूळ सापडलं का?

रेवती: त्याच दिवशी वापरलेलं माध्यम पेशींशिवाय दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवलं. नितळ राहिलं. म्हणजे माध्यमाच्या बाटलीवर संशय नाही. तिसऱ्या बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत माध्यमाचा थेंब सुकलेला दिसला. ओतताना ओघळला असणार. पण खात्रीने नाही सांगता येत.

निखिल: मग नितळ असलं की बाधा नाही, असं लिहून टाका.

मंजिरी: अजिबात नको! मायकोप्लाझ्मा नावाचा अगदी बारीक जंतू माध्यम गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, आणि पेशीभित्ती नसल्याने पेनिसिलिनला जुमानत नाही. पेशी नुसत्या मंद वाढतात. तो पीसीआर किंवा डीएनए रंगवणं अशा खास चाचण्यांनीच कळतो.

रेवती: त्याला ‘छुपी बाधा’ लिहिते.

सुजाता: ‘बाधा’ म्हटलं की मला भूतबाधाच आठवते.

दत्ताकाका: त्यावर उतारा असतो बरं का.