मदत हवी आहे: पाहुण्यांचा परिचय दीड मिनिटात कसा बसवू?

जिंतूरची_बाई
१७ सप्टेंबरला शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, माती तपासणीवर आयुष्य घालवलेल्या मॅडम प्रमुख पाहुण्या आहेत. परिचय माझ्याकडे. हेडसर म्हणाले, दीड मिनिट, वर एक सेकंद नाही. मागच्या वर्षी परिचयच अकरा मिनिटं चालला होता. पाहुणे उठून म्हणाले, "माझं भाषण तर झालंच की!"
बायोडेटा चार पानांचा. पत्रिकेत 'विभागप्रमुख' छापलंय, बायोडेटात 'सहयोगी प्राध्यापक'. पीएच.डी. १९९६ची, तेव्हा विद्यापीठाच्या नावात 'वसंतराव नाईक' नव्हतं. काय म्हणू?

गोदाकाठ
पदव्या सगळ्या घ्या, मान असतो. अन् पत्रिकेत आहे तेच बोला, नाहीतर अध्यक्ष रुसतील.

माइकवाला_नांदेड
पदव्यांचा मान खरा, पण पत्रिकेतली चूक माइकवरून पक्की करू नका. मॅडमना आजच फोन लावा. निवृत्तीच्या वेळचं पद विचारा, आडनावाचा उच्चार विचारा, अन् काय सांगितलेलं आवडणार नाही तेही विचारा.
विद्यापीठाचं नाव २०१३ला वाढलं. मी पदवीपुरतं 'परभणीच्या कृषी विद्यापीठातून' म्हणतो, त्यात खोटं काही नाही.
मंचावर मिनिटाला शंभरेक शब्द जातात. टाळ्यांना जागा ठेवून १३० शब्दच लिहा. उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून वाचा. मनातल्या मनात वाचलं की वेळ कमीच भरतो.
'हसतमुख, मनमिळाऊ' कुणालाही चिकटतं. तुमचा त्यांच्याशी काही संबंध?

लातूरकर
माझ्याकडे शनिवारी आभार आहेत. मंडपवाल्याचं नाव राहिलं की भांडण होतं. यादी कशी लावू?

गोदाकाठ
दादा, वेगळा धागा काढा. आणि नांदेडकर, पूर्ण नाव न घेणं मला पटत नाही. पाहुण्यांना खटकलं तर?

जिंतूरची_बाई
फोन केला. दोन वर्षं प्रभारी विभागप्रमुख होत्या, पण म्हणाल्या, "सहयोगी प्राध्यापकच सांग गं, तेच खरं."
संबंध आहे, मला सुचलंच नव्हतं. मी सातवीत असताना त्या आमच्या रानात आल्या होत्या. वडील बांधाजवळची माती द्यायला लागले तर म्हणाल्या, "ही नको, मधली हवी." स्वतः कुदळ घेऊन वीतभर खोल तिरका खड्डा केला, कडेची माती खरवडून घमेल्यात घेतली. तो अहवाल वडिलांच्या पेटीत अजून आहे. शेवट असा केलाय: "त्या दिवशी आमच्या घमेल्यात ज्यांनी हात घातला, त्या मॅडम आज आपल्यासमोर आहेत", मग नाव.

माइकवाला_नांदेड
बास, हेच. नाव शेवटीच ठेवा, म्हणजे टाळ्या आपोआप पडतात. किती भरलं?

जिंतूरची_बाई
एक मिनिट बेचाळीस. एक पुरस्कार काढावा लागेल, नाहीतर वडिलांचा प्रसंग.

माइकवाला_नांदेड
पुरस्कार काढा.

जिंतूरची_बाई
तो पुरस्कार हेडसरांनीच बायोडेटात हिरव्या पेनानं अधोरेखित केलाय हो.